ध्रुवपद परत लिहायचं: एआय गाण्याच्या लिरिक्स बॉक्समध्ये मुखडा-अंतरा कसा मांडायचा

लोकलमध्ये असाल तर इयरफोन नीट लावा, कारण आज थोडं गाऊनही दाखवणार आहे. आजचा विषय छोटा आहे. सुनोसारख्या अ‍ॅपमध्ये आपण स्वतःचे शब्द टाकतो, तेव्हा त्या लिरिक्स बॉक्समध्ये [Verse], [Chorus], [Bridge] असं चौकोनी कंसात लिहायचं असतं. ते मराठी गाण्याला कसं लावायचं?

निमित्त सांगतो. घाटकोपरला आमच्या सोसायटीत एका काकांनी गणपतीसाठी गाणं लिहिलं. वहीत, पेनाने, अगदी व्यवस्थित. अट एकच होती: गच्चीवर स्पीकर लावला की सगळ्यांना सोबत गाता आलं पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. लोक सोबत कधी गातात? ध्रुवपद दुसऱ्यांदा येतं आणि पहिल्यासारखंच येतं तेव्हा. पहिल्यांदा लोक ऐकतात, दुसऱ्यांदा गातात. दुसऱ्यांदा चाल बदलली की संपलं, सगळे गप्प.

काकांच्या वहीतलं गाणं असं होतं:

```
ढोल वाजला गल्लीमध्ये, बाप्पा आला हो
थांब पावसा दारामध्ये, मांडव गळतो हो ॥धृ॥

आठ वाजता ऑफिस सुटले, गाडी भरली फार
मुलुंडवरुनी पळत निघालो, ओला झाला हार
तरी आतला ढोल म्हणाला, चल रे लवकर, हो ॥१॥

चाळ पाडली, टॉवर आला, अंगण गेले दूर
लिफ्टमधूनी बाप्पा चढला, तोच जुना तो सूर
एकविसाव्या मजल्यावरती, ढोल घुमावा, हो ॥२॥
```

आता बघा, यात खुणा आधीच आहेत. ॥धृ॥, ॥१॥, ॥२॥. आपल्याकडे गाण्याचे भाग दाखवायची पद्धत अ‍ॅप येण्याच्या कितीतरी आधीची आहे. मग ते तसंच बॉक्समध्ये पेस्ट केलं तर? दोन गोष्टी बिघडतात.

पहिली दिसायला किरकोळ आहे. बॉक्समध्ये जे काही कंसाबाहेर लिहिलंय ते सगळं गायचे शब्द आहेत, असं यंत्र धरतं. त्यामुळे गायिका मस्त सुरात 'मांडव गळतो हो... धृ' असं गाऊन मोकळी होऊ शकते. आकड्यांचंही तेच. म्हणून दंड, धृ, आकडे सगळे काढायचे. गोल कंससुद्धा जपून वापरा, कारण त्यातले शब्द बऱ्याचदा मागच्या कोरसच्या आवाजात गायले जातात. तिथे 'दोनदा म्हणा' असं लिहिलंत तर कोरस खरोखर 'दोनदा म्हणा' गाईल. आणि चौकोनी कंसातलं नाव इंग्रजीतच ठेवा. [Chorus] या खुणेची या यंत्रांना सवय आहे, [ध्रुवपद] हा शब्द मात्र गायला जायची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट मोठी आहे. वहीतली ॥धृ॥ ही खूण जाणकार माणसासाठी आहे. तिचा अर्थ असा की 'हे ध्रुवपद, प्रत्येक अंतऱ्यानंतर इथे परत या'. परत यायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं, गाणाऱ्याला ते माहीत असतं. किती माहीत असतं याचं उदाहरण देतो. तुकारामांच्या छापील गाथेत कित्येक अभंगांत पहिल्या कडव्यापुढे ॥१॥ असतं आणि दुसऱ्या कडव्यापुढे ॥ध्रु.॥. तरी आज भजनात बसलेले लोक बहुतेक वेळा पहिलीच ओळ घोळवतात. म्हणजे खूण एकीकडे आणि गायची रीत दुसरीकडे, पण कोणाचं काही अडत नाही.

यंत्राचं अडतं. ते बॉक्समधला मजकूर वरून खाली एकदा वाचत जातं. ध्रुवपद एकदाच लिहिलंत तर ते एकदाच गाईल, मग अंतरे एकामागून एक, आणि गाणं संपेल. कधी मनाने परत येईलही, पण त्यावर गच्चीचा कार्यक्रम कसा ठरवणार? म्हणून आजचा मुख्य नियम: ध्रुवपद जितक्या वेळा यायला हवं, तितक्या वेळा पूर्ण लिहा. आणि दर वेळी अक्षरशः तेच, कॉपी-पेस्ट करून. एके ठिकाणी 'आला हो' आणि दुसरीकडे 'आला रे' केलंत, तर यंत्राच्या दृष्टीने तो नवा मजकूर होतो आणि चाल हलायला जागा मिळते.

बॉक्समध्ये ते असं दिसतं:

```
[Chorus]
ढोल वाजला गल्लीमध्ये, बाप्पा आला हो
थांब पावसा दारामध्ये, मांडव गळतो हो

[Verse 1]
आठ वाजता ऑफिस सुटले, गाडी भरली फार
मुलुंडवरुनी पळत निघालो, ओला झाला हार
तरी आतला ढोल म्हणाला, चल रे लवकर, हो

[Chorus]
ढोल वाजला गल्लीमध्ये, बाप्पा आला हो
थांब पावसा दारामध्ये, मांडव गळतो हो

[Instrumental]
```

पुढे [Verse 2], परत पूर्ण [Chorus], आणि शेवटी [Outro]. इंग्रजी गाणं बहुधा व्हर्सने सुरू होतं आणि कोरस नंतर येतो. आपलं मुखड्याने सुरू होतं. म्हणून [Chorus] सगळ्यात वर टाकायला घाबरू नका, आपल्या गाण्याची ती बरोबर जागा आहे. प्रत्येक भागामध्ये एक रिकामी ओळ सोडा. ढोल-ताशा, लेझीम, गती, आवाज कसा हवा, हे सगळं स्टाइलच्या वेगळ्या बॉक्समध्ये जातं. ते इथे ओळीत लिहिलंत तर तेही गायलं जाईल.

आता ब्रिज. इथे आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अनेक जण असं करतात: पहिला अंतरा व्हर्स, दुसरा अंतरा ब्रिज, कारण तीन भाग आहेत तर तीन नावं वापरू. पण ब्रिज म्हणजे दुसरा अंतरा नाही. ब्रिज साधारण दुसऱ्या कोरसनंतर एकदाच येतो, त्याची चाल वेगळी असते, वाद्यं थोडी उतरतात किंवा चढतात, आणि मग शेवटचा कोरस येतो. आपला अंतरा बहुतेक गाण्यांत पहिल्या अंतऱ्याच्याच चालीत परत येतो. दुसऱ्या अंतऱ्याला [Bridge] लिहिलंत तर तुम्ही यंत्राला 'चाल बदल' असंच सांगताय.

कधीकधी तेच हवं असतं. काकांच्या दुसऱ्या अंतऱ्यात चाळ पाडली, अंगण गेलं, असं जरा उदास येतं. संगीतकार माणूस तिथे चाल बदलूही शकतो, आणि त्याला हवं तर [Bridge] बरोबर ठरेल. पण आपली अट आठवा: लोकांना सोबत गायचंय. म्हणून तो अंतरा [Verse 2]च. मराठी गाण्यात ब्रिज नसेल तर नसू दे, खूण भरण्यासाठी गाण्याला नवा अवयव जोडू नका.

मग ब्रिजचं काम आपल्याकडे कोण करतं? थोडंफार अंतऱ्याची शेवटची ओळ करते. आपल्याकडचे संगीतकार तिला क्रॉस लाइन म्हणतात. पहिल्या दोन ओळींत 'फार' आणि 'हार' हे यमक आहे, तिसरी ओळ मात्र 'हो' वर संपते, कारण तिला मुखड्याच्या 'आला हो' ला जाऊन मिळायचंय. ती ओळ तुम्हाला उचलून परत ध्रुवपदाच्या दारात सोडते. आधी ती व्हर्समध्येच ठेवून बघा. ऐकताना ती आधीच्या दोन ओळींसारखीच सपाट वाटली आणि मुखडा अचानक आल्यासारखा वाटला, तर तेवढी एक ओळ [Pre-Chorus] खाली वेगळी काढा. तोटाही सांगतो: एकच ओळ वेगळ्या भागात टाकली की यंत्र कधी ती दोनदा गातं किंवा आधी नको तितकं थांबतं. म्हणून हा दुसरा उपाय, पहिला नाही.

आता एक प्रश्न येतो, की हे भाग इतके महत्त्वाचे का? जानेवारी 2025 मध्ये YuE नावाचं खुलं मॉडेल आलं. ते कसं वापरायचं हे उघड लिहिलेलं आहे, त्यामुळे आत काय चालतं याचा अंदाज येतो. त्याला गाण्याचे शब्द भाग पाडूनच द्यावे लागतात, मध्ये रिकामी ओळ सोडून. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक भागाला साधारण 30 सेकंद मिळतात, म्हणून एका भागात खूप शब्द कोंबू नका असं बनवणारेच सांगतात. सुनोमध्ये असाच 30 सेकंदांचा नियम आहे असं मी म्हणत नाही. पण अंतरा मोजून लिहायची सवय सगळीकडे कामाला येते.

काकांचं गाणं मोजू. पहिल्या अर्ध्या ओळी आठ-आठ मात्रांच्या आहेत: 'ढोल वाजला' आठ, 'गल्लीमध्ये' आठ, 'बाप्पा आला' आठ, आणि 'हो' नंतर थोडा श्वास. म्हणजे ओळ बत्तीस मात्रांत बसते. मिनिटाला 100 ठोके आणि एका ठोक्यात दोन मात्रा धरल्या, तर एक ओळ सोळा ठोक्यांची, म्हणजे जवळपास 9.6 सेकंद. तीन ओळींचा अंतरा 29 सेकंद, दोन ओळींचं ध्रुवपद 19. तीनदा ध्रुवपद, दोनदा अंतरा, मिळून 1 मिनिट 55 सेकंद, वर वाद्यांचे तुकडे. सुटसुटीत. याच अंतऱ्यात आणखी तीन ओळी असत्या, तर गायक शब्द घाईने उरकतोय किंवा शेवटची ओळ गिळतोय असं ऐकू आलं असतं. तसं झालं तर स्टाइल बदलत बसू नका, अंतऱ्याचे दोन भाग करा.

शेवटी तपासायचं कसं? सुनो एका वेळी दोन आवृत्त्या देतं. दोन्हीत फक्त पहिलं आणि तिसरं ध्रुवपद लागोपाठ ऐका. पहिल्यासोबत गुणगुणा आणि तेच गुणगुणणं तिसऱ्यावर ठेवा. बसलं तर ती आवृत्ती ठेवा. नाही बसलं, तर आधी शब्द अक्षरशः सारखे आहेत का बघा. सारखे असूनही चाल हलली असेल तर परत बनवा, कारण या खुणा म्हणजे हुकूम नाहीत, इशारे आहेत. त्याच मजकुरावर एकदा पाळल्या जातात, एकदा नाही. आणि एक गोष्ट खुणांनी सुटत नाही: 'चाळ'मधला च हिंदीसारखा येणं, 'गळतो'चं 'गलतो' होणं. ते कानानेच पकडावं लागतं आणि दुसरी आवृत्ती निवडावी लागते.

तर आजचं एवढंच. घरी कोणाच्या वहीत ॥धृ॥ लावलेलं गाणं पडलं असेल, तर ते टाइप करा आणि प्रत्येक अंतऱ्याखाली ध्रुवपद हाताने परत लिहा. भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या!