पावडरचा चमचा आणि ग्लासातलं दूध

(येलदरी येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी केलेलं बोलणं, त्यांच्याच शब्दांत.)

मी दूध संकलन केंद्रावर अकरा वर्षं फॅट काढलंय. आज मी दूध पावडरबद्दल बोलणार आहे. मागच्या महिन्यात आपल्या एका गटातल्या ताई माझ्याकडं पुडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघा, ही भेसळीची पावडर. सासूबाईचं पोट बिघडवलं हिनं." पुडा चांगला होता, चूक ग्लासात होती. ती सांगते.

त्यांच्या सासूबाई आजारातून उठलेल्या, अंगावर मांस राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले प्रथिनं वाढवा. ताईंनी गाईचं एक ग्लास दूध घेतलं आणि त्यात बिनसायीच्या पावडरचे तीन मोठे चमचे घातले, तेही शिगोशिग. दोन तासांत पोट फुगलं, गुरगुरलं, मग पातळ जुलाब. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी म्हातारी दुधाचं नाव काढू देईना.

आता डेअरीची पावती आठवा. तिच्यावर दोन आकडे असतात, फॅट आणि एसएनएफ. गाईच्या दुधाचा दर 3.5 आणि 8.5 या आकड्यांवर ठरतो, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. फॅट म्हणजे स्निग्धांश, लोणी. पण हे साडेआठ कशाचे? शंभर ग्रॅम दुधात साधारण सव्वातीन ग्रॅम प्रथिनं, साडेचार ते पावणेपाच ग्रॅम दुधाची साखर म्हणजे लॅक्टोज, आणि उरलेले क्षार. म्हणजे एसएनएफमध्ये निम्म्याहून जास्त वाटा साखरेचाच आहे. बिनसायीची पावडर म्हणजे दुधातलं फॅट आणि पाणी काढून उरलेलं हेच एसएनएफ. शंभर ग्रॅम पावडरीत 35 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, 50 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज आणि फॅट एक-दीड ग्रॅम. पावडर वाढवली की प्रथिनं वाढतात हे खरं, पण त्यांच्या दीडपट लॅक्टोज सोबत येतं. एक घ्यायचं आणि दुसरं नको, असं पावडरीत जमत नाही.

मी ताईंना म्हणलं, चला किराणा दुकानात, चमचा मोजू. दुकानाच्या काट्यावर एक चमचा ठेवला तर नीट कळत नाही, तो काटा पाच-पाच ग्रॅमनं सरकतो. म्हणून दहा चमचे मोजायचे आणि दहानं भागायचं. सुरीच्या पाठीनं सपाट केलेले दहा चमचे भरले 70 ग्रॅम. शिगेचे दहा भरले 120. म्हणजे सपाट चमचा 7 ग्रॅमचा आणि शिगेचा 12 चा. ताई म्हणाल्या, "मला वाटलं चमचा म्हणजे चमचा." नाही हो. डब्यात मिळणारा स्कूपसुद्धा दुसऱ्या कंपनीच्या पावडरीला लावू नका, प्रत्येकाचं माप वेगळं.

आता सासूबाईंचा ग्लास मांडू. तीन शिगेचे चमचे म्हणजे 36 ग्रॅम पावडर, त्यात प्रथिनं साडेबारा ग्रॅम आणि लॅक्टोज 18. खालचं 200 मिली गाईचं दूध, त्यात प्रथिनं साडेसहा आणि लॅक्टोज साडेनऊच्या आत. मिळून प्रथिनं 19 ग्रॅम, लॅक्टोज 27 ग्रॅम. पाच ग्रॅमचा चहाचा चमचा धरला तर साडेपाच चमचे साखर एका ग्लासात! गोड लागली नाही, कारण लॅक्टोज आपल्या साखरेपेक्षा कमी गोड असतं. जिभेला कळत नाही, पोटाला कळतं.

ही साखर फोडायला आतड्यात एक पाचक रस लागतो. लहानपणी तो भरपूर असतो, पुढं अनेकांचा कमी होतो, आणि जुलाबाच्या आजारानंतर काही दिवस आणखी कमी पडतो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं आणि जुलाब लागतात. बऱ्याच जणांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोजचा फारसा त्रास होत नाही. म्हणून सासूबाईंना साधा एक ग्लास दूध आधी चालत होतं. पावडर वाईट नव्हती, एका वेळी जास्त झाली.

मग आम्ही काय केलं? जुलाब थांबेपर्यंत दोन दिवस पावडर बंद. त्यानंतर अर्धा ग्लास म्हणजे 100 मिली दूध आणि एक सपाट चमचा पावडर, जेवणानंतर, दिवसातून तीनदा. एका वेळी लॅक्टोज आठ ग्रॅमच्या आसपास, आणि तिन्ही वेळची प्रथिनं मिळून 17 ग्रॅम. म्हणजे त्या एका ग्लासाच्या जवळपास तेवढीच. भाकरीवर घेतलेलं दूध पोटातून सावकाश उतरतं, म्हणून रिकाम्या पोटी देऊ नये. ज्यांना एवढंही सोसत नाही त्यांनी पावडर दुधात घालून दही लावावं. विरजणातले जंतू थोडं लॅक्टोज स्वतःच खातात आणि उरलेलं पचायला मदत करतात. सासूबाईंना दहीच आवडलं, दुधाकडं त्या अजूनही बघत नाहीत.

पावडर आधी चार चमचे कोमट पाण्यात कालवून पेस्ट करा, मग उरलेलं दूध ओता. उकळत्यात टाकली की गोळे होतात, ते तळाशी बसतात आणि मोजलेलं माप पोटात जात नाही.

आता पुडा कोणता, हे बघायचं. साईची पावडर वेगळी. तिच्यात शंभर ग्रॅमला फॅट 26 च्या आसपास, प्रथिनं 25 आणि लॅक्टोज 38 च्या आसपास. वजन वाढवायचं असलं तर ही बरी, पण उघडी राहिली तर फॅटमुळं खवट होते, वास घेऊन बघा. तिचंच दूध करायचं तर 26 ग्रॅमला 175 मिली उकळून गार केलेलं पाणी, म्हणजे गाईच्या दुधासारखा ग्लास होतो. तिसरा पुडा डेअरी व्हाइटनर. चहाचा. बऱ्याच व्हाइटनरमध्ये वरून साखर घातलेली असते, त्यामुळं प्रथिनं कमी पडतात. पुड्याच्या मागं "अ‍ॅडेड शुगर" शून्य आहे का बघा. "टोटल शुगर" बघून घाबरू नका, बिनसायीच्या पावडरीत ती सगळी लॅक्टोजचीच असते. दुकानदार तिन्हींना दूध पावडरच म्हणतो.

हे माप मोठ्यांसाठी आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला यातली कुठलीच पावडर कालवून द्यायची नाही. तिच्यात प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपतील त्याहून जास्त असतात. मोठ्यांतही ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांची प्रथिनं डॉक्टरच ठरवतील, चमचा आपण ठरवायचा नाही. शुगर असलेल्यांनी लॅक्टोजही साखरेत धरावं. आणि जुलाबासोबत ताप असेल, रक्त पडत असेल, तर तो दुधाचा हिशोब नव्हे, दवाखान्यात जा.

पुढच्या बैठकीला घरचा चमचा घेऊन या. काटा मी आणते.