पॉलिसी पाच लाखांची, तरी खिशातून ७६ हजार?

समजा आजोबांचा पाच लाखांचा आरोग्य विमा आहे आणि हॉस्पिटलचं बिल झालं तीन लाख. घरचे म्हणतात, 'कॅशलेस आहे, काही भरायचं नाही.' थांबा! पॉलिसीत २० टक्के को-पेमेंट लिहिलंय का, ते आधी बघा.

असेल, तर हिशोब असा होतो. कंपनी आधी पॉलिसीत न बसणारे खर्च, म्हणजे डायपर, नोंदणी फी वगैरे, बाजूला काढते. समजा ते २० हजार. उरले २ लाख ८० हजार. को-पेमेंट लागतं ते या रकमेवर, अख्ख्या बिलावर नाही. त्याचे २० टक्के ५६ हजार. म्हणजे कंपनी देणार २ लाख २४ हजार, आणि घरच्यांनी भरायचे ५६ अधिक २०, एकूण ७६ हजार.

कॅशलेस असलं तरी डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटल हे पैसे मागणारच. एक गोष्ट मात्र बरी, पाच लाखांतून वजा होतात फक्त कंपनीने दिलेले २ लाख २४ हजार. आपले ५६ हजार त्यात धरत नाहीत. तेव्हा ॲडमिट करतानाच हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर अंदाजे बिल विचारा आणि आपला वाटा काढून ठेवा.