गाळा भाड्यानं घेताना: दोन मालक, दोन करार

न्यू जर्सीतल्या एका ताईंना ब्लाउज शिवण्याचं दुकान काढायचंय. दोन गाळे पाहिलेत, दोन्ही १,२०० चौरस फुटांचे, करार पाच वर्षांचा. त्यांचे प्रश्न आज घेऊ.

प्रश्न: पहिला मालक चौरस फुटाला वर्षाला २८ डॉलर मागतो, दुसरा ३५. मग पहिलाच स्वस्त ना?

उत्तर: आकड्यापुढचा शब्द वाचा, ताई. पहिल्याच्या कागदावर ‘ट्रिपल नेट’ आहे. म्हणजे इमारतीचा प्रॉपर्टी टॅक्स, विमा आणि पार्किंग, बर्फ काढणं वगैरे देखभाल यांतला तुमचा वाटा वेगळा. त्याचा अंदाज त्यानं ९ डॉलर दिलाय. झाले ३७, म्हणजे महिन्याला ३,७०० डॉलर. दुसऱ्याचं भाडं ‘ग्रॉस’ आहे, हे खर्च आतच धरलेले. महिन्याला ३,५००.

प्रश्न: ते ९ डॉलर पाच वर्षं तेवढेच राहतील?

उत्तर: नाही, तो अंदाज आहे. वर्षअखेरीला खरा हिशेब होतो आणि कमी पडलेली रक्कम एकदम भरायला सांगतात. म्हणून मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागा. देखभालखर्च वर्षाला ठरावीक टक्क्यांहून जास्त वाढणार नाही, असं कलम घालून घ्या. छतावरचं एसी-हीटिंगचं यंत्र बिघडलं तर बदलायचं कोणी, तेही लिहून घ्या. दुसऱ्याच्या करारातही एक ओळ आहे: पहिल्या वर्षापेक्षा टॅक्स वाढला, तर वाढीतला वाटा तुमचा.

प्रश्न: म्हणजे दुसराच घ्यावा?

उत्तर: थांबा, शेवटचं पान पाहा. दुसरा मालक पूर्ण पाच वर्षांची व्यक्तिगत हमी मागतो. तुमची एलएलसी असली तरी या सहीनंतर तिची ढाल उरत नाही. समजा, दोन वर्षांत दुकान बंद करावं लागलं. उरलेले ३६ महिने गुणिले ३,५०० म्हणजे १,२६,००० डॉलर. नवा भाडेकरू आला तर रक्कम कमी होईल, पण तोवर बोजा तुमच्या घरच्या बचतीवर. पहिल्याची हमी मर्यादित आहे: सहा महिने आधी कळवा, तोवरचं भाडं चुकतं करा, गाळा रिकामा करून चावी द्या, हमी संपली. सहा महिन्यांचे होतात २२,२००.

प्रश्न: मग करू काय?

उत्तर: महिन्याला २०० डॉलर वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेऊ नका. दुसऱ्याकडे पहिल्यासारखीच हमी मागा. तो लेखी कबूल झाला तर त्याचा गाळा घ्या. नाही म्हणाला तर पहिल्याकडे जा, पण खर्चवाढीची मर्यादा आणि एसीचं कलम लिहून घेऊनच. आणि सही करण्याआधी दोन्ही कागद भाडेकरूंच्या बाजूनं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. मालकाचा ब्रोकर मालकाचाच असतो.