चौकटीतला 060

आमच्या परतूरच्या एका शेतकऱ्याला बँकेनं कर्ज नाकारलं. त्यानं सिबिलचा अहवाल काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. मोटारसायकलच्या जुन्या कर्जात मार्चच्या चौकटीत 060 होतं, म्हणजे साठ दिवसांची थकबाकी. तेव्हा पासबुकात मार्च नव्हे, जानेवारीचा हप्ता शोधायचा. तो तर वेळेवर कापलेला! त्यानं सिबिलच्या संकेतस्थळावर त्या महिन्यांपुरती तक्रार टाकली. शिवाय कर्ज देणाऱ्या बँकेत पासबुकाच्या नकलेसह अर्ज दिला, पोच घेतली. कारण बँकेच्या होकाराशिवाय सिबिल आकडा बदलत नाही. अनोळखी खातं दिसलं तरी वाट हीच. फक्त ‘हे खातं माझं नाही’ असं लिहायचं. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढं रोज १०० रुपये भरपाई मिळते; हा नियम एप्रिल २०२४ पासूनचा.