पुढची चाके, मागची चाके आणि मधली गाठ

हिमाचल प्रदेशातील रोहतांग खिंड समुद्रसपाटीपासून 3,978 मीटर उंचीवर आहे. 2020 साली अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहूलकडे जाणाऱ्या वाहनाला ही खिंड ओलांडावीच लागते असे राहिले नाही. तरीही उन्हाळ्याच्या आरंभी जे वाहन त्या जुन्या रस्त्याने चढते, त्याला तासाभरात तीन प्रकारची भूमी भेटते. उन्हाच्या बाजूला कोरडे डांबर असते, सावलीच्या वळणावर रात्री गोठलेले पाणी असते, आणि जेथे रस्ता वाहून गेलेला असतो तेथे दगडगोट्यांचा चढ असतो. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणाऱ्या गाड्यांचे जे निरनिराळे प्रकार आहेत, त्यांतील भेद समजून घेण्यास हा रस्ता उत्तम शाळा आहे. कारण या तीन भूमींपैकी प्रत्येक भूमी गाडीकडे निराळी मागणी करते, आणि कोणतीही एक रचना तिन्ही मागण्या सारख्याच चांगल्या रीतीने पुऱ्या करीत नाही.

प्रथम कोरड्या डांबराचा विचार करू. तेथे अडचण असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. पण खरी गुंतागुंत तेथूनच सुरू होते. गाडी वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग नेमक्या त्याच वाटेने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूने, जवळच्या वाटेने जातात. 1941 ते 1945 या काळात बनलेली युद्धकालीन जीप उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या पुढच्या व मागच्या आसांत सुमारे 2.03 मीटर अंतर होते. मागच्या आसाचा मध्य सहा मीटर त्रिज्येच्या वळणावरून अर्धे वर्तुळ फिरला, तर तो 18.85 मीटर चालतो. पुढच्या आसाचा मध्य तेवढ्याच वेळात 19.90 मीटर चालतो. एका वळणात पुढच्या चाकांना एक मीटरहून अधिक जादा चालावे लागते. आसावरील दंतचक्रांचे प्रमाण ध्यानात घेता, पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याने मागच्या दांड्यापेक्षा सुमारे सव्वादोन फेरे अधिक घ्यावयास हवेत.

जीपमध्ये हे जादा फेरे घेण्याची सोय नव्हती. गिअरपेटीच्या मागे बसवलेली जी दुसरी पेटी पुढच्या व मागच्या आसांकडे शक्ती वाटून देते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा दांडा तरफेने जोडता किंवा सोडता येत असे. पण एकदा जोडला की दोन्ही दांडे एकाच गतीने फिरत. मग तो सव्वादोन फेऱ्यांचा हिशेब चुकता कोठे व्हावा? वाळूत, चिखलात किंवा खडीवर चाके किंचित घसरतात आणि हिशेब आपोआप मिटतो. कोरड्या डांबरावर टायर सहजी घसरत नाही. तेथे दांड्यांत, दंतचक्रांत आणि आसांत पीळ साठत जातो. सुकाणू जड होते, वळणावर गाडी अडखळत उड्या घेतल्यासारखी चालते, टायर किरकिरतात. आणि चालक पुढची चाके सोडवू पाहतो तेव्हा तरफ हलत नाही, कारण पिळाने दाते एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. अशा वेळी तरफेशी झटापट करणे हा उपाय नव्हे. गाडी काही मीटर सरळ मागे घ्यावी किंवा एका बाजूची चाके खडीवर आणावी; पीळ उकलतो आणि तरफ सहज निघते. याकडे दुर्लक्ष झाल्यास टायर लवकर झिजतात आणि शेवटी एखादा सांधा वा दात तुटतो. सरळ रस्त्यावरही ही अडचण पुरती टळत नाही. पुढचे टायर झिजून मागच्यांपेक्षा एक टक्का लहान झाले असतील, तर दर किलोमीटरला दहा मीटरचा फरक साठत जातो.

या अडचणीवरील जुना आणि यांत्रिक दृष्ट्या सर्वांत सरळ उपाय म्हणजे सेंटर डिफरेन्शियल. एकाच आसाच्या डाव्या व उजव्या चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची रचना मोटारीत आधीपासूनच होती. तशीच रचना पुढच्या व मागच्या दांड्यांच्या मध्ये बसवली की चारही चाके सदासर्वदा जोडलेली ठेवता येतात आणि पीळ साठत नाही. 1970 सालच्या रेंज रोव्हरमध्ये आणि 1977 साली आलेल्या रशियन निवा गाडीत हीच योजना होती.

परंतु डिफरेन्शियलचा एक स्वभाव असा की ते दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देते. म्हणजे ज्या बाजूला कमी पेलवतो, तेवढाच पीळ दुसऱ्या बाजूलाही मिळतो. रोहतांगच्या सावलीतील वळणावर निवाचे एक पुढचे चाक बर्फावर आले, असे समजू. त्या चाकावर 300 किलोग्रॅम भार आहे आणि गोठलेल्या पाण्यावर त्याच्या दशांशाइतकेच घर्षण मिळते. ते चाक 30 किलोग्रॅमहून अधिक ओढ पेलू शकत नाही. मग त्याच आसाच्या दुसऱ्या चाकाला 30, आणि मागच्या दोन चाकांना मिळून 60. सारी गाडी 120 किलोग्रॅम ओढीवर अडते, मग बाकीची तीन चाके कोरड्या डांबरावर का असेनात. म्हणून निवाच्या चालकाजवळ एक तरफ दिलेली असते. ती ओढली की मधले डिफरेन्शियल कुलूपबंद होते आणि गाडी तेवढ्यापुरती जीपसारखी वागू लागते. मागच्या आसाला आता पुढच्या घसरणाऱ्या चाकाची वाट पाहावी लागत नाही. वळण संपून कोरडे डांबर लागले की कुलूप उघडावयाचे, हे मात्र चालकाने विसरता कामा नये. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी: पुढचे एक व मागचे एक, अशी दोन चाके एकाच वेळी घसरू लागली, तर मधले कुलूप गाडीला सोडवू शकत नाही, त्यासाठी प्रत्येक आसाचे डिफरेन्शियलही बंद करण्याची सोय लागते.

आता तिसरी भूमी, दगडगोट्यांचा चढ. येथे प्रश्न शक्ती कोणत्या चाकाला द्यावी हा नसून किती सावकाश आणि किती जोराने द्यावी, हा आहे. ट्रान्सफर केसमधील लो रेंज याच कामाची. जीपचे इंजिन जास्तीत जास्त सुमारे 142 न्यूटन-मीटर पीळ देत असे. पहिल्या गिअरमध्ये तो चाकांपर्यंत पोचेतो तेरा पट होई, आणि टायरच्या परिघावर सुमारे 520 किलोग्रॅम ओढ मिळे. घर्षणातील नासाडी वजा जाता 440. भरलेली गाडी 1,500 किलोग्रॅमची धरली आणि चार मीटर चालून एक मीटर उंची गाठणारा चढ धरला, तर केवळ वर चढण्यासाठी 375 किलोग्रॅम ओढ हवी. समुद्रसपाटीला हे कसेबसे जमले असते. पण चार हजार मीटर उंचीवर हवा एक-तृतीयांशाने विरळ होते आणि साध्या इंजिनाचा पीळ जवळजवळ त्याच प्रमाणात घटतो. उरते सुमारे 300 किलोग्रॅम ओढ; गाडी मध्येच थांबते, चालक क्लच अर्धवट दाबून इंजिन फिरते ठेवू पाहतो आणि जळका वास येऊ लागतो. लो रेंजमध्ये हीच ओढ 1.97 पट होऊन 590 किलोग्रॅमच्या आसपास जाते. चढ पार होतो आणि क्लचला हात लावावा लागत नाही.

जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढची चाके जोडल्याखेरीज लो रेंज लागतच नसे; दुप्पट झालेला पीळ एकट्या मागच्या आसावर पडून तो तुटू नये, एवढाच त्याचा हेतू. लो रेंज टाकावयाची तीही गाडी उभी करून किंवा अगदी सरपटत असताना. बर्फावर मात्र लो रेंजची ही जादा ओढ निरुपयोगी ठरते, कारण तेथे सीमा इंजिनाची नसून टायरच्या पकडीची असते. तेथे तिचा उपयोग उतरताना. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असता पहिल्या गिअरमधील जीप ताशी सुमारे साडेदहा किलोमीटर जाते, लो रेंजमध्ये सव्वापाच. ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते आणि तो रोध चारही चाकांवर वाटला जातो, म्हणून सुकाणू चाकांवर ताबा राहतो.

गेल्या काही दशकांत एक निराळी रचना सर्वत्र पसरली. तिच्यात गाडी नेहमी पुढच्या चाकांवर चालते. मागच्या आसापाशी अनेक चकत्यांचा एक क्लच असतो. पुढची चाके घसरू लागली, किंवा घसरतील असे संवेदकांवरून वाटले, की नियंत्रक त्या चकत्या आवळतो आणि मागची चाके कामाला लागतात. कोरड्या डांबरावर चकत्या सैल असल्याने पीळ साठत नाही. बर्फाच्या वळणावर चालकाला कोणतीही तरफ आठवावी लागत नाही. पहिल्या दोन भूमींवर ही गाडी बहुधा जीपहून सोयीची ठरते, हे मान्य केले पाहिजे.

अडचण तिसऱ्या भूमीवर येते. अर्धवट आवळलेला क्लच जो पीळ पोचवतो त्याबरोबर उष्णताही निर्माण करतो. 300 न्यूटन-मीटर पीळ पोचत असता दोन्ही बाजूंच्या गतीत मिनिटाला 100 फेऱ्यांचा फरक असेल, तर सुमारे तीन किलोवॉट उष्णता निघते. जणू तीन विजेच्या इस्त्र्या त्या बंद डब्यात तापत आहेत. दगडी चढावर पाच-दहा मिनिटे अशी झटापट झाली की नियंत्रक क्लच वाचवण्यासाठी चकत्या सोडून देतो. सूचक दिवा लागतो, पुढची चाके भिरभिरतात, मागची निश्चल राहतात. गाडी बिघडलेली नसते; निवल्यावर पुन्हा चालते. पण चढाच्या मध्यावर निवण्याची वाट पाहणे सुखाचे नसते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने मागची चाके फिरतात की नाही एवढे पाहिले, तरी खरी स्थिती कळते.

या रचनेत लो रेंज बहुधा नसते. ती बसवताच येत नाही असे मात्र नव्हे, आणि तिची उणीव अंशतः भरूनही काढता येते. डस्टर गाडीच्या चारचाकी आवृत्तीत पहिला गिअर मुद्दाम इतका लहान ठेवला होता की हजार फेऱ्यांना ताशी 5.79 किलोमीटर एवढाच वेग पडे. म्हणजे जवळजवळ लो रेंजमधील जीपइतका. यावरून दिसते की सावकाशपणा आणि पुढच्या-मागच्या चाकांची गाठ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. गाडी निवडणाराने दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावे: मधली गाठ कोण बांधतो आणि किती वेळ ती तापू न देता बांधून ठेवता येते; आणि इंजिन मंद फिरत असता गाडी किती हळू चालते.

एक गोष्ट मात्र तिन्ही रचनांना सारखीच लागू आहे. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतात. चारही चाके ओढत असल्याने गाडी बर्फाच्या चढावर दुप्पट तीव्रता सोसते. पण त्याच बर्फावर थांबण्यासाठी तिला साध्या गाडीइतकेच अंतर लागते. रोहतांगसारख्या रस्त्यावर सहज वर गेलेल्या गाडीचा चालक उतरताना फसतो तो याच ठिकाणी. चढताना मिळालेला विश्वास उतरणीसाठी मिळालेला नसतो.