पिन टाकण्याआधी चार ओळी

(सांगवी येथील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी साधलेला संवाद)



गेल्या महिन्यात इथल्याच एका ताईंनी मला मोबाइल दाखवला. मुलाच्या अभ्यासाचं एक ॲप घेतलं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सात दिवस फक्त १ रुपया'. १ रुपयासाठी त्यांनी पिन टाकला. आठवडा उलटल्यावर खात्यातून १४९ रुपये गेले. त्या म्हणाल्या, "अगं, मी तर एकच रुपया दिला होता!"

पण तो पिन फक्त १ रुपयासाठी नव्हता. आपल्या यूपीआयमध्ये २०२० पासून ऑटोपेची सोय आहे. एकदा परवानगी दिली की पुढचे पैसे आपोआप कापले जातात. ही परवानगी, म्हणजे मँडेट, देण्याआधी मोबाइलवर एक पान येतं. ते म्हणजे आपल्या गटाचा ठरावच समजा. बँकेतून पैसे काढायचे तर आपण ठरावात कुणाला, किती आणि कशासाठी ते लिहितो, मगच सह्या करतो. इथे सहीच्या जागी पिन आहे.

त्या ताईंच्या पानावर चार गोष्टी होत्या. पैसे घेणाऱ्या कंपनीचं नाव. रक्कम: Up to ₹999. किती वेळा: Monthly. मुदत: Valid till 2045.

आता एकेक बघू. Up to म्हणजे 'इतक्यापर्यंत'. आज १४९ कापले, पण उद्या कंपनीने भाव वाढवून ५०० कापले तरी पुन्हा पिन विचारला जाणार नाही, कारण ९९९ पर्यंतची परवानगी आपणच दिलेली आहे. एका वेळी १,००० मात्र कापता येणार नाहीत. Up to च्या जागी Exact असेल, तर ठरलेली तेवढीच रक्कम कापली जाते. Monthly म्हणजे महिन्यातून एकदाच. पण तिथे As presented असेल तर कंपनी मागेल तेव्हा पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून ते दिसलं की थांबा. आणि मुदत? ९९९ च्या हिशोबाने वर्षाचे ११,९८८ होतात. वीस वर्षांचे २,३९,७६०. एवढं सगळं कापलं जाईलच असं नाही, पण तेवढ्याची वाट आपण उघडी करून ठेवली होती.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने यात आपल्यासाठी एक राखण ठेवली आहे. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं: कोण, किती आणि कधी कापणार. ताईंनाही संदेश आला होता. जाहिरात समजून त्यांनी तो वाचलाच नाही. तो एक दिवस आपल्या हातात असतो.

मग बंद कसं करायचं? ॲप मोबाइलमधून काढून टाकलं तरी परवानगी बंद होत नाही, ती आपल्या खात्याशी जोडलेली असते. ज्या यूपीआय ॲपमधून पिन टाकला, त्यातच Autopay किंवा Mandates नावाची जागा शोधा. तिथे कंपनीचं नाव उघडा, Cancel किंवा Revoke दाबा आणि पिन टाका. आम्ही दोघींनी तिथेच बसून हे केलं. गेलेले १४९ त्यामुळे परत आले नाहीत, फक्त पुढचं थांबलं. आणि हे लक्षात ठेवा, कर्जाच्या हप्त्याचं मँडेट बंद केलं तरी कर्ज डोक्यावर राहतंच. तिथे आधी कर्ज देणाऱ्याशी बोला.

आणखी एक पान असंच दिसतं, त्याची गल्लत करू नका. कर्जाचा अर्ज करताना कधी कधी 'अकाउंट ॲग्रिगेटर'चं पान येतं. तिथे लिहिलेलं असतं की कोणत्या खात्याची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची माहिती, कशासाठी आणि किती काळ बघणार. ती परवानगी पासबुक बघायला दिल्यासारखी आहे, तिने पैसे काढता येत नाहीत. ओळख पटवायला ओटीपी येतो, पण यूपीआय पिन लागत नाही. 'फक्त माहिती बघतो' म्हणून कुणी पिन मागितला, तर ते काम माहितीचं नाही, पैशाचं आहे. तिथेच मागे फिरा.

तर ताईंनो, आज घरी गेलात की आपल्या यूपीआय ॲपमधली Autopay ची यादी उघडा. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं, किंवा मुदत लांबलचक दिसली, तर पुढच्या बैठकीला मोबाइल घेऊन या. आपण मिळून वाचू. पिन मात्र मलाही सांगू नका.