शीतगृह : एकदम की टप्प्याटप्प्याने?

सांगली जिल्ह्यात द्राक्षांचा बेदाणा साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तयार होतो, पण विकला जातो तो वर्षभर. मधल्या महिन्यांत त्याचा हिरवा रंग टिकावा, साखर सुटून तो चिकट होऊ नये, म्हणून पंधरा-पंधरा किलोंच्या बॉक्समध्ये भरून तो शीतगृहात चार-पाच अंश तापमानाला ठेवतात. तासगाव-सांगली पट्ट्यात त्यामुळेच शीतगृहांचा धंदा वाढला. मात्र बेदाण्याची आवक दरवर्षी सारखी नसते. ताज्या द्राक्षाला भाव असला तर माल बाजारात जातो, भाव पडला तर शेडवर जातो. अवकाळी पावसाने दोन्ही गणिते बिघडतात. अशा ठिकाणी नवे शीतगृह उभारणाऱ्यापुढे प्रश्न येतो तो आकाराचा : पूर्ण क्षमता आजच बांधावी, की अर्धी आज आणि अर्धी मागणी दिसल्यावर?

या प्रश्नाचे उत्तर वटावलेल्या रोख प्रवाहांच्या पद्धतीने काढता येते. आज हातातून जाणारा रुपया आणि तीन वर्षांनी जाणारा रुपया सारखे नसतात, कारण मधल्या काळात तो रुपया व्याज मिळवू शकतो किंवा कर्जाचे व्याज वाचवू शकतो. व्याजाचा दर बारा टक्के धरला, तर तीन वर्षांनी द्यायच्या शंभर रुपयांचे आजचे मूल्य सुमारे एकाहत्तर रुपये भरते. प्रत्येक पर्यायातील सर्व खर्च आणि सर्व मिळकती अशा आजच्या मूल्यात आणून बेरीज केली, की दोन पर्याय एका पातळीवर येतात.

उदाहरणासाठी चार हजार टनांचे शीतगृह घेऊ. पुढचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मानलेले आहेत. जमीन सोडून सगळे एकदम बांधले तर खर्च ४ कोटी रुपये. दोन हजार टन आज बांधले तर २ कोटी ४० लाख. निम्म्या क्षमतेला निम्म्याहून जास्त खर्च येतो, कारण ट्रान्सफॉर्मर, यंत्रघर, रस्ता, वजनकाटा आणि माल उतरवण्याची ओटी या गोष्टी अर्ध्या करता येत नाहीत. उरलेले दोन हजार टन आजच्या भावाने १ कोटी ८० लाखांत होतील. म्हणजे दोन टप्प्यांत काम केल्याने एकूण २० लाख जास्त जातात. कंत्राटदार दुसऱ्यांदा येतो, यंत्रसामग्रीची खरेदी छोटी होते, चालू शीतगृहाशेजारी काम सावकाश चालते, हे त्यामागचे कारण.

मागणीचा अंदाज असा : पहिल्या वर्षी १,२०० टन, दुसऱ्या वर्षी १,६००, तिसऱ्या वर्षी २,००० आणि मग वाढत जाऊन सहाव्या वर्षी ३,८००. दुसरा टप्पा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तयार केला, तर एकही बॉक्स परत पाठवावा लागत नाही. म्हणजे दोन्ही पर्यायांत भाड्याची मिळकत वर्षागणिक सारखीच राहते. मग ती मांडायचीच कशाला? बँकेकडे जाणाऱ्या प्रकल्प अहवालांत पंधरा वर्षांचे भाडे, वीज, पगार असे सगळे दोनदा मांडलेले असते आणि निर्णयाला उपयोगी असलेला फरक त्या रकान्यांत हरवतो. तुलना करताना फक्त जिथे दोन पर्याय वेगळे होतात तेवढेच प्रवाह घेतले, तर हिशेब एका कागदावर मावतो.

पहिला फरक बांधकाम खर्चाचा. दुसऱ्या टप्प्याचे १ कोटी ८० लाख आजच्या भावाचे आहेत. पॅनेल, स्टील, मजुरी वर्षाला पाच टक्क्यांनी महागली, तर तीन वर्षांनी तोच खर्च सुमारे २ कोटी ८ लाख होतो. बारा टक्क्यांनी वटावल्यावर त्याचे आजचे मूल्य १ कोटी ४८ लाख. पहिल्या टप्प्याचे २ कोटी ४० लाख मिळवले, की ३ कोटी ८८ लाख. एकदम बांधण्याचे ४ कोटी. फरक अवघा १२ लाखांचा. खर्च पुढे ढकलून व्याज वाचते हे खरे, पण त्या वाचलेल्या व्याजाचा मोठा भाग महागाई आणि दुबार कामाचा खर्च खाऊन टाकतात.

नेमकी इथेच एक चूक वारंवार होते. वटावासाठी बँकेचा बारा टक्क्यांचा दर घेतात, ज्यात महागाई धरलेलीच असते, आणि दुसऱ्या टप्प्याचा खर्च मात्र आजच्याच भावाने ठेवतात. तसे केले की १ कोटी ८० लाखांचे आजचे मूल्य १ कोटी २८ लाख निघते आणि बचत बाराऐवजी ३२ लाखांची दिसते. अहवालात दुसऱ्या टप्प्याचा आकडा आजच्या कोटेशनशी तंतोतंत जुळत असेल, तर ही चूक झाली आहे असे समजावे.

दुसरा फरक रिकाम्या क्षमतेचा. न वापरलेले चेंबर बंद ठेवता येते, त्यामुळे ते थंड करण्याची वीज लागत नाही. पण विमा, देखभाल, जास्त मंजूर भाराचा मागणी आकार आणि मोठ्या कॉम्प्रेसरचा अर्ध्या भारावर होणारा वीजअपव्यय चुकत नाही. हे सारे वर्षाला ६ लाख धरले, तर तीन वर्षांचे आजचे मूल्य सुमारे १४ लाख. दोन्ही फरक मिळून टप्प्याटप्प्याचा पर्याय २६ लाखांनी सरस ठरतो. वटावाचा दर आठ टक्के घेतला, तर हीच आघाडी दहा लाखांवर येते. चार कोटींच्या कामात दहा लाख म्हणजे कोटेशनमधल्या घासाघिशीएवढी रक्कम. एवढ्यावर कोणी निर्णय घेऊ नये.

खरा प्रश्न अंदाज चुकला तर काय, हा आहे. तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

मागणी अपेक्षेहून जलद आली असे धरू. पहिल्याच वर्षी एप्रिलअखेर दोन हजार टन भरले आणि माल घेऊन आलेल्या गाड्या शेजारच्या शीतगृहाकडे वळल्या. मे महिन्यात निर्णय झाला, पावसाळ्यात सांगाडा उभा राहिला, दिवाळीनंतर पॅनेल आणि यंत्रे बसली, तर पुढच्या फेब्रुवारीतल्या नव्या बेदाण्याला जागा तयार होते. या वेळी दुसरा टप्पा एका वर्षातच बांधला गेला. त्याचा खर्च १ कोटी ८९ लाख, आजचे मूल्य सुमारे १ कोटी ६९ लाख. एकूण बांधकाम एकदम बांधण्यापेक्षा ९ लाखांनी महाग पडले. एका वर्षाच्या रिकाम्या क्षमतेचे सुमारे ५ लाख वाचले. निव्वळ तोटा तीन-साडेतीन लाखांचा. काम रेंगाळून पुढचाही हंगाम हुकला आणि हजार टन माल नाकारावा लागला, तर वीज-हमाली वजा जाता टनामागे १,५०० रुपयांप्रमाणे १५ लाख बुडतात. त्यांचे आजचे मूल्य १२ लाख. पण खर्चही आणखी वर्षभर लांबलेला असतो आणि रिकाम्या क्षमतेचा खर्चही वाचलेला असतो, त्यामुळे हा हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. गेलेला व्यापारी परत येईलच असे नाही, हे या बरोबरीत धरलेले नाही. ते टप्प्याटप्प्याच्या पर्यायाविरुद्ध मोजले पाहिजे.

आता उलट बाजू. आवक वाढलीच नाही, किंवा पंचक्रोशीत आणखी दोन शीतगृहे उभी राहिली आणि मागणी १,८०० टनांवर थबकली. टप्प्याने जाणारा दुसरा टप्पा बांधतच नाही. एकदम बांधण्याच्या तुलनेत त्याचे १ कोटी ६० लाख वाचले, आणि पंधरा वर्षे दरसाल ६ लाखांचा स्थिर खर्चही वाचला. त्याचे आजचे मूल्य सुमारे ४१ लाख. मिळून २ कोटी. एकदम बांधणाऱ्याला यातले फारसे परत मिळत नाही. पॅनेल आणि कॉम्प्रेसर जुन्या भावात विकले जातात, पाया आणि फरशी विकता येत नाही.

म्हणजे एका बाजूला तीन-चार लाखांचा तोटा, दुसऱ्या बाजूला दोन कोटींचा बचाव. मंदीची शक्यता पाचात एक एवढीच धरली, तरी तिचा भारांकित हिस्सा ४० लाख होतो आणि तो नेहमीच्या परिस्थितीतल्या २६ लाखांच्या आघाडीहून मोठा आहे. टप्प्यांची किंमत व्याजबचतीत कमी आणि न बांधण्याच्या मोकळीकीत जास्त असते. मागणीचा एकच अंदाज घेऊन केलेल्या हिशेबात ही मोकळीक दिसतच नाही, कारण त्या हिशेबात दुसरा टप्पा ठरल्या तारखेला बांधला जाणारच असतो.

ही मोकळीक फुकट मिळत नाही. पहिल्या टप्प्यातच काही गोष्टी पूर्ण मापाच्या कराव्या लागतात. यंत्रघर चार हजार टनांच्या यंत्रांना पुरेल एवढे, कंडेन्सरच्या जास्तीच्या संचाला चौथरा तयार, अमोनियाच्या मुख्य नळीला पुढच्या जोडणीसाठी झडप बसवून बंद केलेले तोंड, आणि विस्ताराच्या बाजूची भिंत काढता येणाऱ्या पफ पॅनेलची. झडप आधी नसेल, तर दुसऱ्या टप्प्यात अमोनियाची पूर्ण यंत्रणा रिकामी करून नळी कापावी लागते, आणि तीही आत माल असताना. उदाहरणातल्या २ कोटी ४० लाखांत ही तयारी धरली आहे. कॉम्प्रेसर मात्र आज मोठा घेऊ नये. दोन मध्यम कॉम्प्रेसर घ्यावेत, म्हणजे कमी मालाच्या महिन्यांत एक बंद ठेवता येतो आणि एक बिघडला तर दुसरा माल वाचवतो.

हे सगळे गणित उलटवू शकेल अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे अनुदान. फलोत्पादन अभियानातून शीतगृहाला मिळणारे अनुदान बँक कर्जाशी जोडलेले असते आणि ते काम झाल्यावर मिळते. ते खर्चाच्या ३५ टक्के धरले, तर एकदम बांधणाऱ्याला १ कोटी ४० लाख आणि पहिल्या टप्प्याला ८४ लाख मिळतात. विस्तारालाही तेवढ्याच टक्क्यांनी मिळणार असेल, तर तुलना फारशी हलत नाही. मिळणार नसेल, तर ५६ लाखांचा फरक पडतो. वर्षभराने मिळणाऱ्या या रकमेचे आजचे मूल्य ५० लाख, म्हणजे नेहमीच्या परिस्थितीतली २६ लाखांची आघाडी २४ लाखांच्या पिछाडीत बदलते. मंदीतला बचाव तरीही दीड कोटींचा राहतो. त्यामुळे विस्ताराला अनुदान लागू होते का, हे बँकेकडून आणि फलोत्पादन कार्यालयाकडून लेखी घेतल्याशिवाय हिशेबाला हात घालू नये.

एकदम बांधणे योग्य ठरते ते मागणीची शंका मिटलेली असेल तेव्हा : व्यापाऱ्यांशी किंवा निर्यातदारांशी तीन हजार टनांहून अधिक जागेचे आगाऊ भाड्याचे करार झालेले असतील, किंवा विस्ताराचे अनुदान नक्की मिळणार नसेल आणि मंदीची शक्यताही दहात एकाहून कमी वाटत असेल. तसे नसेल, तर दोन हजार टन आज बांधावेत आणि दुसऱ्या टप्प्याची अट कर्जाच्या अर्जातच लिहून ठेवावी : एप्रिलअखेर नव्वद टक्के जागा भरली आणि परत पाठवलेल्या मालाची नोंद वहीत असली, तरच मे महिन्यात पुढचे काम सुरू करावे.